मुका झालेला पाटपूल

मळवलीजवळच्या दगडी पाटपुलाखाली ताजुन्निसा भरदुपारी थबकली. पूल गप्प होता.

चाळीस वर्षं तिनं आपल्या गवंडी नवऱ्याला, याह्याला, याच पुलाच्या डागडुजीसाठी चुना-सुरकी मळून दिली होती. वरच्या पाटातून शंभर फुटांना बोटभर उतारानं पाणी बिनआवाज सरकायचं. आत झिरपलेलं मात्र भिंतीतल्या भोकांतून टपटपत राहायचं. याह्या होता तेव्हाही, तो गेल्यावरही.

“गळती बंद झाली, मावशी,” इंजिनीअर कोमल खुशीत म्हणाली. नव्या मजुरांनी सांधे आणि भोकं सरसकट सिमेंटनं बुजवली होती.

“गळती न्हाई ती, बाई. पुलाचं मूत कोंडलंय तुमी.”

कोमल हसली. ताजुन्निसानं हातोडीनं दगडावर दोनदा ठोकलं. काम संपलं की याह्या तसंच ठोकायचा. आवाज भद्द आला. मग आतून दोन ठोके परत आले.

कोमलचं हसू मावळलं. “आत कोण आहे?”

“पाणी. दुसरं कोण असणार? वळंबा सोडून बघ.”

कोमलनं भिंतीलगत वजन बांधलेली वळंब्याची दोरी सोडली. भिंत दोन बोटं फुगली होती. आतल्या भरावात पाणी तुंबलं होतं. भिंत कधीही कोसळली असती. कोमलनं घाईघाईनं फोन करून पाटाचं वरच्या अंगाचं दार खाली सोडून पाणी बंद करायला लावलं. ताजुन्निसानं बाजूला उभं राहून छिन्नीनं खालचं भोक मोकळं केलं. गढूळ धार उसळली आणि पाठोपाठ माणसानं सोडावा तसा लांब सुस्कारा आला.

“उद्यापासून सिमेंट खरवडू. चुना तुम्हीच मळा,” कोमल हळूच म्हणाली.

संध्याकाळी टपटप पुन्हा सुरू झाली. दिवसाचं काम संपलं होतं, पण जाताना दगडावर ठोकायचा ताजुन्निसाला धीर झाला नाही.