हरवलेली पाठ आणि रिकामे राहिलेले दोन चौकोन

माझी सून अकोटजवळच्या एका गावी पाचवीचा वर्ग शिकवते. अमरावतीच्या विद्यालयातील संस्कृत अध्यापनातून निवृत्त होऊन मी तिच्या घरी राहावयास आलो, तेव्हापासून शनिवारी तिच्यासोबत शाळेत जाण्याचा माझा परिपाठ आहे. शनिवारी मुले स्वतः लिहिलेल्या कथा वर्गासमोर वाचतात. ऐकणारा एक म्हातारा असला की त्यांना बरे वाटते.

तिची रीत मला प्रथम फार यांत्रिक वाटली होती. कथा लिहिण्यापूर्वी प्रत्येक मूल एक आराखडा भरते. त्यात चौकोन आखलेले असतात: कोण, कुठे, त्याला काय हवे, अडचण कोणती, पहिला प्रयत्न, दुसरा प्रयत्न, शेवटी काय झाले. चौकोनात वाक्य लिहायचे नाही. चार शब्द किंवा एखादे चित्र पुरे. मग ती गोष्ट जोडीदाराला तोंडी सांगायची, आणि त्यानंतरच कच्चे लेखन. ते एक ओळ सोडून करायचे, आणि खोडरबर दप्तरातच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी जोडीदार जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे मोकळ्या ओळींत हिरव्या पेन्सिलीने भरायची. शुद्धलेखन सर्वांत शेवटी.

वर्गात एक अबोल मुलगी होती. आधीच्या शनिवारी तिने कथा वाचली, तेव्हा अर्धा वर्ग आपसांत बोलत होता. वाचन संपले हेही कित्येकांना कळले नाही. ती जागेवर बसली आणि तिने वही पोटाशी धरली. या खेपेला सर्वांनी आपले ऐकावे, एवढीच तिची इच्छा होती. हे तिने मला मधल्या सुट्टीत खिचडी खाताना सांगितले.

मी ते सुनेच्या कानावर घातले, म्हणून तिने मला आठवड्याच्या मध्यावरही बोलावले आणि त्या मुलीजवळ बसवले. तिचा आराखडा मी पाहिला. एका मुलीची पाठ, म्हणजे शेळीचे मादी पिल्लू, आठवडी बाजारात हरवते. मुलगी मारुतीपुढे हात जोडते. पाठ समोर उभी! प्रयत्नांचे दोन्ही चौकोन रिकामे होते.

सून म्हणाली, “अगं, तिनं शोधली कुठं?”

“शोधा लागलीच नाई, मॅडम. देवानं देली.”

“पण ती एकदा तरी चुकली पाहिजे ना?”

“तिले काहून रडवू मी? माहीच हाये ते!”

शेजारची जोडीदारीण फिसकन हसली. “हिची पाठ आमच्यापेक्षा हुशार हाये, मॅडम. हरवते न् लगेच येते!”

मुलीचे डोळे भरले. ती माझ्याकडे वळली. “आजोबा, तुमीच त म्हन्ता, देव आयकते म्हनून.”

सून माझ्याकडे पाहू लागली. आयुष्यभर त्रिकाळ संध्या केलेल्या माणसाने देवाला कथेतून बाहेर काढावे, असे तिलाही म्हणवेना. मलाही ते करावयाचे नव्हते. मी मुलीला विचारले, “तुमच्या देवळात कीर्तन होते ना? बुवांनी आख्यान सुरू केले आणि देव पहिल्याच अभंगाला प्रकटला, तर काय होईल?”

तिने डोळे पुसले, विचार केला. “मंग काय, लोकं परसाद घिऊन घरी जातीन.”

वर्ग हसला. तीही हसली, आणि तिने आराखडा पुन्हा पुढे ओढला. मी आणखी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती कथा माझी झाली असती.

शनिवारी ती उभी राहिली. पाठ हरवली. मुलगी हौदावर विचारायला गेली; तेथे तिला हाकलून दिले. मग ‘बें’ ऐकून ती गल्लीत धावली; ती दुसऱ्याचीच शेळी निघाली आणि मालकीण अंगावर ओरडली. मुलगी मारुतीच्या पारावर येऊन बसली. हिरव्या अक्षरांतली ओळ तिने वाचली: “देवा, तुले दिसून राहिली असन त सांग ना! मुका काहून बसला?”

सुनेने चमकून माझ्याकडे पाहिले. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. इतकी उघड प्रार्थना माझ्या तोंडून इतक्या वर्षांत निघाली नव्हती.

पुढे पारासमोरून सरकीच्या पोत्यांची गाडी जाते. आपल्या पाठीला सरकी फार आवडते, हे त्या मुलीच्या ध्यानात येते, आणि जिथे कापसातून सरकी काढतात त्या जिनिंगकडे ती पळत सुटते. गाडी कोणी पाठवली, हे लेखिकेने लिहिले नव्हते.

एवढ्यात पान संपले. ते उलटण्यासाठी ती थांबली. वर्गात कोणी बोलत नव्हते. खिडकीजवळ बसलेली ती जोडीदारीणच अर्धवट उठून उभी राहिली होती. गोष्ट तिला आधीपासून ठाऊक होती, तरीही तीच ओरडली,

“अवं, पान पलटव ना लवकर! सापडली का नाई?”