कुणाचा व्हिसा

दगडाबाई ओव्हाळ नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आसपासच्या वस्त्यांवरची निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली. नवरा आबासाहेब वारल्यावर त्यांनी पगारावर एकटीनं सतीशला शिकवलं, पुण्याला नोकरीला लावलं आणि रिटायर होऊन घरी बसल्या. पोरगा चांगला निघाला, असं त्या ज्याला त्याला सांगत.

उन्हाळ्यात सतीशचा फोन आला. आयर्लंडला जायचं चाललंय म्हणाला. "तुलाबी नेतो आई. एकटी कशाला राहतीस? फक्त रिटायरमेंटचे पैसे खात्यातून हलवू नको. व्हिसाला लागतात."

दगडाबाईंनी पैसे हलवले न्हाईत. स्वेटर मात्र विणायला घेतला. बायाबापड्या विचारायच्या, "सिस्टर, तिकडं थंडी लई म्हणं?" त्या म्हणायच्या, "असू दे की. पोराजवळ तर हाय."

दिवाळीआधी सतीशनं पुन्हा फोन केला. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट हवं, सही-शिक्क्याचं. मोबाईलवरचं चालत न्हाई. दगडाबाई उत्साहानं शाखेत गेल्या. बाकावर बसून त्यांनी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. मा. शाखाधिकारी यांना, विषय, खाते क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. शेवटी कारण: माझ्या आयर्लंडच्या व्हिसासाठी. खाली सही केली, आधारची झेरॉक्स जोडली.

खिडकीत तेजश्री नावाची अधिकारी होती. तिनं सही कॉम्प्युटरवरच्या सहीशी ताडून पाहिली.

"चार्ज खात्यातून कापला जाईल, सिस्टर. प्रत्येक पानावर शिक्का आन् सही देते. पासपोर्टची झेरॉक्स आणलीय का? व्हिसा तुमचा हाय, तर नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळायला पाहिजे. न्हाईतर अडचण होती."

"पासपोर्ट अजून काढला न्हाई. लेक म्हणला, मागून काढू."

तेजश्रीचा हात कीबोर्डवर थांबला. "पासपोर्टाशिवाय व्हिसाचा अर्जच होत न्हाई. लेक कशासाठी चाललाय?"

"शिकायला, असं म्हणत होता मधी."

"मग खर्च तुमी करणार म्हणून तुमचं खातं दाखवत असतील. आई-बापाचं दाखवतात. पण तो व्हिसा त्यांचा एकट्याचा. एकदा विचारून घ्या."

दगडाबाईंनी तिथंच उभ्याउभ्या फोन लावला.

"सतीश, हे कुणाच्या व्हिसाला लागतंय?"

तो म्हणाला, "माझ्या."

"आन् माझा?"

"शिक्षणाच्या व्हिसावर आईला नेता येत न्हाई. नंतर बघू ना."

"हे तुला आधीच ठाव होतं?"

"होतं."

"मग कावून सांगितलं न्हाई?"

"तू नाही म्हणली असतीस, आई."

दगडाबाईंनी फोन ठेवला. आजवर त्याला कधी नाही म्हटल्याचं त्यांना आठवेना. सायकलीला न्हाई, पुण्याला न्हाई. त्यानं सरळ मागितलं असतं, तर त्याच दिवशी बँकेत आल्या असत्या. तो जाणार म्हणून त्यांना दुःख नव्हतं. आपल्या आईला त्यानं इतकंच ओळखलं, हे आतून कापत गेलं.

तेजश्रीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. "राहू द्या सिस्टर. उद्या या."

"उद्या कशाला? कोरा कागद द्या. पहिल्या अर्जात खोटं लिहिलं गेलंय."

त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी: माझा मुलगा सतीश याच्या व्हिसासाठी. अक्षर वाकडं आलं. सही मात्र दोनदा करावी लागली नाही. दुपारपर्यंत शिक्के मारलेली पानं हातात आली.

सतीश फोनवर म्हणाला, माझा मित्र भारत गावाकडं येतोय, त्याच्याजवळ दे. दगडाबाईंनी भारतला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं लावून दिलं. "ज्याला पाहिजे, त्यानं माझ्या तोंडावर मागावं."

रविवारी सतीश आला. उंबऱ्यातच घुटमळला.

"आई, स्टेटमेंट दे."

"कशाला पाहिजे?"

तो खाली बघत म्हणाला, "मला जायचंय. एकट्याला."

एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी पानं दिली. तो पाया पडायला वाकला, तर त्या मागं सरकल्या. ताट वाढलेलं होतं, पण मुंबईला व्हिसाचा अर्ज द्यायची उद्याची वेळ मिळालीय, गाडी थांबलीय, म्हणत तो निघाला. पानं त्यानं छातीशी धरली होती.

संध्याकाळी शेजारची रतनबाई कुंपणाशी आली. "सतीश येऊन गेला वाटतं! मग कधी उडणार सिस्टर?"

लेकाच्या चुकांवर पांघरूण घालायची आयुष्यभराची सवय जिभेवर आली होती. दगडाबाईंनी ती गिळली.

"मी न्हाई जायची, रतनबाई. त्यानं मला फसवलं," त्या म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या.