प्लॅटिनमची मूस

सहदेव धुरी मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा सहायक होते. दगडाची कागदाहून पातळ चकती घासून ती काचपट्टीवर बसवणे, नमुने दळणे, भाजणे, तोलणे हे त्यांचे काम. एकोणतीस वर्षांत सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या किती काचपट्ट्या त्यांच्या हातून गेल्या, याची गणती त्यांनीही ठेवली नव्हती. शिक्षण मालवणच्या शाळेत सातवीपर्यंत. पण सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलेला दगड ते विसरत नसत.

त्यांची एक रीत होती. आलेला नमुना कितीही लहान असो, त्याचा अर्धा भाग ते न दळता बाटलीत बंद करीत आणि बाटलीवर ‘राखीव’ असे लिहीत. नव्या विद्यार्थ्यांना ते सांगत, “बियाणं शिजवून खायचं नसतं.”

१९८७च्या जानेवारीत नीला पाटणकर मेघालयातून मातीच्या पिशव्या घेऊन परतली. नीला आमच्या विभागाची संशोधक विद्यार्थिनी. तेथील नदीकाठच्या सागरी थरांत तिला दीड सेंटिमीटर जाडीची तांबूस चिकणमाती सापडली होती. त्या मातीखालच्या चुनखडीत सूक्ष्म सागरी जीवांची मोठी, नक्षीदार कवचे खच्चून भरलेली होती. वर मात्र तुरळक, बारीक कवचे तेवढी उरली होती. जगभर डायनासोरांचे शेवटचे अवशेष याच काळाच्या थरांपर्यंत मिळतात.

“काका, या मातीत इरिडियम सापडलं, तर माझा प्रबंध उभा राहील,” ती सहदेवांना म्हणाली.

“ते काय असतं?”

“धातू. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंडाबरोबर तो खोल गाभ्यात गेला. वरच्या कवचात जवळजवळ नाहीच. अशनींमध्ये मात्र भरपूर. इटली, डेन्मार्क, न्यूझीलंड, सगळीकडे याच वयाच्या मातीत तो एकदम वाढलेला आहे. म्हणजे आकाशातून काहीतरी प्रचंड कोसळलं आणि त्याची धूळ जगभर बसली.”

“आणि आपल्याकडे आहे की नाही, ते ही माती सांगणार.”

“हो. म्हणून जपून.”

सहदेवांनी ते फार मनावर घेतले. खालच्या-वरच्या थरांचे नमुने त्यांनी नेहमीच्या चिनी मातीच्या मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या वाटीत, भाजले. त्या मौल्यवान मातीसाठी मात्र कुलपातली प्लॅटिनमची मूस काढली. घरी पाहुणा आला की फडताळातले चांगले ताट काढतात, तशी. भाजताना माती तळाशी चिकटली. ती त्यांनी पोलादी चमच्याने नीट खरवडून काढली.

नमुने ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत गेले. न्यूट्रॉनांचा मारा झालेले इरिडियम स्वतःच किरण सोडू लागते आणि त्यावरून ते मोजता येते. पण इतर किरण ओसरेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. एप्रिलमध्ये आकडे आले. चिकणमातीत अब्जात चौतीस भाग. वर आणि खाली जवळजवळ शून्य. नीलाने विभागात पेढे वाटले. लेख टंकलिखित होऊन पाकिटात गेला. आभारांत सहदेवांचे नाव होते. आयुष्यात पहिल्यांदा ते छापून येणार होते.

विभागप्रमुख मार्तंड देवस्थळी तेवढे साशंक होते. दख्खनच्या लाव्हावर त्यांनी हयात घालवली होती. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या लाव्हाची, त्यानेच डायनासोर संपवले, असे त्यांचे मत.

“आकडा जरा जास्तच मोठा आहे, नीला,” ते म्हणाले. “लोकांचे इतके येत नाहीत फारसे.”

“सर, तुमच्या लाव्हाचा आकडा इतका येत नाही म्हणून राग आला का?” नीला हसून म्हणाली.

सहदेव हसले नाहीत. मूस पुसता पुसता त्यांची नजर तळावरच्या ओरखड्यांवर गेली होती. त्यांनी कपाटातून मुशीचे जुने कागद काढले. कडकपणासाठी प्लॅटिनममध्ये काय मिसळले आहे, ते तेथे स्पष्ट छापले होते. इरिडियम.

विक्रोळीच्या चाळीत त्या संध्याकाळी त्यांचा चहा तसाच निवला.

“काय झाला?” त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी विचारले.

“माझ्या हातून चूक झाली गो. त्या पोरीचा सगळा काम बुडात.”

“तिका ठावक आसा?”

“नाय. कोणाकच नाय.”

“मग उद्या सांगा. नायतर महिनोन्महिने असाच चहा निववत बसशात, आणि माका परत परत गरम करूचो लागात.”

सकाळी सहदेव मूस रुमालात गुंडाळून नीलासमोर उभे राहिले. देवस्थळी सरही तेथेच होते. सहदेवांनी काही न लपवता सांगितले आणि शेवटी म्हणाले, “लेखाचं पाकीट टपालात टाकू नका.”

नीला खाली बसली. “काका, फक्त त्याच नमुन्याला? नेमकं त्यालाच?”

“तोच मोठा वाटला.”

देवस्थळी म्हणाले, “मग संपलं. वर-खाली नाही आणि मध्येच आहे, कारण मध्येच मूस होती.”

“संपलं नाही, सर,” सहदेव म्हणाले. आवाज बारीक होता, पण हलला नाही. “अर्धी माती राखीव आहे. बाटली उघडलेलीसुद्धा नाही. आणि दुसरं, आपल्या आवारातली साधी माती घ्या. अर्धी याच मुशीत भाजून खरवडू, अर्धी अकीक दगडाच्या खलात नुसती घोटू. दोन्ही पाठवा. माझी चूक केवढी होती, तेही कळेल.”

सर त्यांच्याकडे वळले. “हे तुला कोणी शिकवलं?”

“काटा बिघडला की दोन वजनं उलटसुलट ठेवून बघतोच की, सर.”

या खेपेला सगळे नमुने एकाच अकीकाच्या खलात गेले. फक्त आवारातल्या मातीचा अर्धा वाटा मुद्दाम मुशीत. अंगठीतलाही धातू मिसळायला नको म्हणून नीलाने ती काढून ठेवली. आकडे येईपर्यंतच्या आठवड्यांत तिने एक अमेरिकन लेख सहदेवांना दाखवला. तिकडच्या त्याच वयाच्या थरातल्या स्फटिकाच्या कणांवर एकमेकींना छेदणाऱ्या सरळ, समांतर रेषांचे संच होते.

“अशा रेषा अशनीच्या विवरांत आणि अणुस्फोटाच्या जागी सापडतात,” ती म्हणाली.

सहदेवांनी छायाचित्र उजेडात धरले. “आपल्या दगडात हे कधीच बघितलं नाही. ज्वालामुखी भाजतो, फोडतो. हा मार वेगळा आहे.”

जुलैत आकडे आले. मुशीत खरवडलेल्या आवारातल्या मातीत इरिडियम तेवीस भाग. घोटलेल्या मातीत नाही. म्हणजे चूक खरी होती. मेघालयाच्या राखीव मातीत मात्र, प्लॅटिनमचा स्पर्शही न होता, अकरा भाग. तिच्या वर-खाली त्याचा शंभरावा हिस्साही नाही.

नीलाने कागद दोनदा वाचला आणि सहदेवांच्या हातात दिला.

देवस्थळींनी तो त्यांच्याकडून घेतला. “अकरा. हा आकडा मी खोडू शकत नाही,” ते म्हणाले. “लाव्हाही त्याच सुमारास वाहत होता, हे मी सोडणार नाही. पण ही धूळ आकाशातली आहे. आता मला एवढंच सांग, एवढा मोठा धोंडा पडला, तर विवर कुठे आहे?”

“अजून सापडलेलं नाही, सर,” नीला म्हणाली.

“सापडेल,” सहदेव म्हणाले. “कुठेतरी राखीव असेल.”

सर मोठ्याने हसले. नवा लेख त्यांनी स्वतः तपासला. चौतीसचा आकडा आणि मुशीची हकिगत नीलाने त्यात तशीच ठेवली. आभारांतले नाव काढून टाका, असे सहदेवांनी सुचवले. तिने ते काढले नाही, ‘चूक दाखवून दिल्याबद्दल’ एवढे शब्द वाढवले.

ती मूस त्यानंतरही वापरात राहिली, पण दुसऱ्या कामांसाठी. सहदेवांनी तिच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली: ‘इरिडियमच्या कामाला नाही.’ मग उरलेल्या चिकणमातीचा अर्धा भाग पुन्हा बाटलीत भरून त्यांनी झाकण घट्ट लावले.