बॅरलमधलं ऊन पाणी

त्या दुष्काळात आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत गार पाणी टँकरनं यायचं, तेही घागरी मोजून. ऊन पाणी मात्र वाहून जाईल इतकं असायचं. बॉयलरची वाफ निवली की तिचं पाणी व्हायचं, ते एका हौदात पडायचं, आणि अख्खी कॉलनी त्यावर अंघोळी करायची. मी बॉयलर हाउसात होतो, म्हणजे त्या हौदाचा मालकच, असा माझा समज.

बायकोला दिवस गेल्याची शंका होती. पाळी दहा दिवस लांबलेली. त्यात कंबर धरली. मी एक बॅरल आडवं कापून टब बनवला, ऊन पाण्यानं भरला आणि कारखान्याचा थर्मामीटर बुडवून ऐटीत सांगितलं, "बेचाळीस सेल्सिअस. बस गळ्यापर्यंत अर्धा तास."

"अहो, गरगरतंय मला," ती म्हणाली.

"कंबर मोकळी होतीय ती."

सलग तीन संध्याकाळी ती बसली. तिसऱ्या दिवशी उठताना भोवळ येऊन टबाच्या काठावरच कोसळली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं; दिवस गेलेच होते.

"पाण्याचं मोजलंत. यांच्या अंगाचं मोजलं?"

मी थर्मामीटर खिशात खोल ढकलला.

त्या म्हणाल्या, "आईचं अंग तापलं की गर्भही तापतो, त्याला वेगळं निवता येत नाही. नेमक्या याच दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटत असते. अंग एकशेदोन फॅरनहाइटच्या वर बराच वेळ राहिलं, मग ते तापानं असो की टबानं, तर ती कुठंतरी उघडी राहण्याचा धोका वाढतो. जनावरांत हे दिसलंय. माणसांत अजून अभ्यास चाललाय. बहुतेक बाळं चांगलीच होतात. पण बादलीतलं कोमट पाणी अंगावर घ्या, टब बंद. आणि ताप आलाच तर घोंगडी पांघरून घाम काढू नका, लगेच गोळी घ्यायला या."

"नळी मिटली का, ते आता बघता येईल का?" मी विचारलं.

"आमच्याकडं तशी सोय नाही. वाट बघा."

पुढचे आठ महिने मी वाट बघितली. बायको निवांत होती. निदान मला तरी तसंच दाखवायची. टब मी म्हशीच्या गोठ्याला देऊन टाकला. एकदा तिला ताप आला, तेव्हा सासूबाईंच्या हातातली घोंगडी हिसकावून मी तिला सायकलवर डबलसीट घेऊन दवाखाना गाठला. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला पालथी घेऊन मानेपासून माकडहाडापर्यंत अंगठा फिरवला.

"पाठ सरळ हाय, दादा. कुठं फट न्हाय."

माझं समाधान होईना. मीही बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा.

बायको खाटेवरून म्हणाली, "झालं का मोजून? आता द्या इकडं, भुकेजलीय ती."