मडिवाळप्पाचा तिसरा अंक

मडिवाळप्पाला कुठलीही गोष्ट तीन अंकांखाली सांगता येत नसे. चहा सांडला तरी तो आधी कप कुणी घेतला, कुठल्या बाजारातून घेतला, हे सांगायचा. मग चहा कसा उकळत होता ते. आणि सांडण्यापर्यंत येईतो आमच्या हातातला दुसरा चहा गार झालेला असायचा. सात रस्त्याजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत तो फोटो काढी आणि बाकीचं वर्ष आमच्या हौशी मंडळाची नाटकं बसवी. मी गंगाधर, दिवसा बँकेत कारकून आणि संध्याकाळी त्याच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. वीस वर्षं विंगेत बसून मी त्याचा हट्ट जवळून पाहिला आहे, तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही.

अठ्ठ्याहत्तर साली पुण्याला हौशी मंडळींच्या लघुपटांची स्पर्धा निघाली. अट एकच, पण कडक: फिल्म दहा मिनिटांच्या वर गेली की बाद. मडिवाळप्पाकडे सुपर आठचा छोटा कॅमेरा होता, कुण्या हौशी यजमानाच्या लग्नासाठी घेतलेला. आयुष्यात एकदा तरी आपली फिल्म पडद्यावर बघायची, हे त्याचं स्वप्न जुनं होतं. नाटक संपलं की विरतं, फोटो हलत नाही. फिल्म मात्र राहते, असं तो म्हणायचा. आता तो पन्नाशीला टेकला होता. कच्ची फिल्म मिळणं तेव्हा मुश्कील, आणि मिळालेली चार रिळं त्याने जिवापाड जपलेली. त्यातलं एक थोरल्या पोरीच्या, चंद्रव्वाच्या, लग्नासाठी बाजूला काढलेलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, स्पर्धेला फिल्म पाठवायची दसऱ्याआधी.

उरली तीन रिळं. प्रत्येक रीळ तीन मिनिटं आणि थोडं वर. तीन रिळांची मिळून बरोब्बर दहा मिनिटं.

"गंग्या, देवानंच हिशेब घातलाय की," तो मला म्हणाला. "तीन रिळं, तीन अंक."

गोष्ट त्याने चांगली निवडली होती, हे कबूल केलं पाहिजे. गावाच्या पूर्व भागातल्या तेलुगू-मराठी वस्तीतली एक बाई दिवसभर बिड्या वळते आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन देते, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखूही तिथूनच आणते. तिथला चेकर रोज मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. छाटीची मजुरी मिळत नाही, बिड्याही परत मिळत नाहीत. चेकर त्या खणात टाकतो आणि मागाहून जुड्या बांधून विकतो. एक दिवस बाई त्या छाट बिड्या उचलते आणि त्याच्यासमोर कडाकडा मोडून टाकते. मला नाहीत तर तुलाही नाहीत. हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पडद्यावर कुणी आणलं नव्हतं.

पहिल्या अंकात बाईचं घर, दारुडा नवरा, शाळेत जाऊ बघणारी पोर. दुसऱ्यात कारखाना आणि अपमान. तिसऱ्यात बिड्या मोडणं, मग मोर्चा आणि मग विजय. बाईचं काम करायला काशम्मा तयार झाली. ती खरीच बिडी कामगार होती, आणि बोलायला तिखट. पोरीचं काम चंद्रव्वानेच केलं, लग्नाला आलेली असली तरी ती दिसायला लहानखुरी होती. चेकर मी. माझा चेहरा त्या कामाला फार शोभतो असं मंडळाचं एकमत पडलं. मी ते मनावर घेतलं नाही.

प्रभाताईंनी तेव्हाच टोकलं होतं. त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि गावातली फिल्म सोसायटी त्यांच्याच जिवावर चाले. त्या म्हणाल्या, "मडिवाळप्पा, तीन अंक म्हणजे दोन मोठी वळणं. एक गोष्ट सुरू करणारं, एक ती शेवटाकडे लोटणारं. प्रत्येक वळणाआधी प्रेक्षकाला तयार करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, आवाजही नाही. एकच वळण ठेवा. बिड्या मोडणं. बाकी सगळं त्याच्यासाठी राबू द्या."

"आणि सुरुवात, मध्य, शेवट? त्ये नगं?"

"ते असेलच की. पण त्यासाठी तीन वेगळे अंक कशाला हवेत?"

"तीन अंकाशिवाय माणूस उभा ऱ्हात न्हाय, ताई," मडिवाळप्पा म्हणाला, आणि विषय मिटला.

लग्नात चित्रण करायची त्याची रीत अशी, की हळदीपासून वरातीपर्यंत जे जसं होईल तसं क्रमाने घ्यायचं, कापाकापी करायचीच नाही. इथेही त्याने तेच केलं. घर आलं, नवऱ्याचं झिंगणं आलं, चंद्रव्वाची पाटी आली आणि पहिलं रीळ संपलं. कारखान्यासाठी एका बंद गोदामाचा ओटा मिळवला, तिथे दुसरं संपलं. तिसऱ्या रिळात काशम्मा घरून निघते, रस्ता चालते, ओट्यावर येते, माझ्याशी भांडते. मग तिने छाटीची मूठ उचलली, मला खराच घाम फुटला, आणि कॅमेऱ्यातून टक् असा आवाज आला.

रीळ संपलं होतं. बिड्या अजून मोडायच्या होत्या. मोर्चा तर लांबच राहिला.

रिळं मुंबईहून धुऊन आली तेव्हा आम्ही स्टुडिओत दार लावून ती पाहिली. मडिवाळप्पा, प्रभाताई, मडिवाळप्पाची बायको शिवबाईवहिनी आणि मी. तीन मिनिटं दारुडा नवरा पाहिल्यावर वहिनी म्हणाल्या, "ही गोष्ट दारूची हाय व्हय?" शेवटी काशम्माची मूठ वर गेली आणि पडदा पांढरा झाला.

प्रभाताई हळू आवाजात म्हणाल्या, "बघा, ती बिड्या उचलते तेव्हा आपल्याला माहीतच नसतं की छाट कुठे जाते. खण एकदाच दिसतो, तोही गंगाधरपंतांच्या पाठीमागे. घराला तीन मिनिटं दिलीत, आणि ज्याच्यावर सगळं फिरतं त्याला एक निमिष."

मडिवाळप्पाने प्रोजेक्टर बंद केला. "जावा आता सगळी," म्हणाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मनात म्हणत मी उठलो.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर पीळ उलट्या बाजूने बसलेला. टेबलावर फिल्म पाहायचं छोटं यंत्र, कापायची पट्टी आणि कात्री. या फिल्मची दुसरी प्रत नसते. कॅमेऱ्यातून निघते तीच पडद्यावर जाते. कापलेलं परत जोडलं तरी सांधा दिसतो. त्याच्या बोटांत चंद्रव्वाचा पाटीवाला तुकडा होता.

"पोरगी झकास आलीय की रं," तो म्हणाला.

"मग ठेव."

"तिला ठेवलं तर बाप ठेवावा लागतोय. बाप ठेवला की दारू आली. दारू आली की बिडी मागं पडली." आणि त्याने कापलं. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी रस्त्यावरची रहदारी बघत बसलो.

पहिल्या रिळातलं एकच चित्र राहिलं: काशम्माची बोटं बिडी वळताना. आता मोडण्याचा प्रसंग नव्याने घ्यायचा तर रीळ हवं होतं, आणि होतं ते एकच. मडिवाळप्पा त्याचं नाव काढेना. तो नुसता येरझाऱ्या घालत होता. वहिनी आतून आल्या आणि डबा टेबलावर ठेवला.

"अगं, ह्ये लग्नाचं हाय."

"ठाव हाय मला. आधी लगीन कोंढाण्याचं. पोरीचं फोटोवर भागंल. पुढली दहा वर्सं तुमचं डोस्कं खाणं मला सोसायचं न्हाय." चंद्रव्वा दारात उभी होती. तिनेही मान डोलावली. मडिवाळप्पाने डबा उचलला.

या खेपेला त्याने कॅमेरा उचलण्याआधी आठवडाभर नुसता विचार केला. रोजचा शिरस्ता दोनदा दाखवायचा. पहिल्या दिवशी चेकर छाट काढतो, खणात टाकतो, बाई बघते. दुसऱ्या दिवशी तेच, पण कॅमेरा जवळ, आणि खणातून बांधलेल्या जुड्या निघताना दिसतात. आता नियम प्रेक्षकाला कळला. तिसऱ्या दिवशी माझा हात खणाकडे जातो आणि मधेच काशम्माचा हात येतो. काशम्माने त्या बिड्या अशा मोडल्या की तंबाखू माझ्या डोळ्यांत गेली. ते खोटं रडणं नव्हतं.

प्रभाताईंचं म्हणणं होतं, मोडल्याबरोबर फिल्म संपवा. तिथे मात्र मडिवाळप्पा पुन्हा हट्टाला पेटला. "वळण घेतल्यावर गाडी कुटं गेली ते थोडं तरी दिसाया पायजे," तो म्हणाला. "मोर्चा नगं, विजय नगं. पण तिला उद्याचं पान-तंबाखू त्याच्याच हातून घ्यायचंय की. त्याचं काय?" म्हणून शेवटी काशम्मा उद्याच्या मालासाठी चेकरपुढे सूप धरते. चेकर तिच्याकडे बघतो. सूप तसंच राहतं. संपलं. यावर प्रभाताई म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

फिल्म दहा मिनिटांच्या आत बसली. पुण्याला धाडण्याआधी ती काशम्माच्या आळीत दाखवायची, हे मडिवाळप्पाने आधीच ठरवलं होतं. दिवेलागणीनंतर भिंतीवर चादर लावली. बायका कडेवर पोरं घेऊन बसल्या. मी मागे उभा राहिलो, कारण चेकर म्हणून मला पुढे बसायची सोय नव्हती.

पहिल्यांदा खण उघडला तेव्हा बायका आपापसात काही बोलल्या. दुसऱ्यांदा जुड्या निघाल्या तेव्हा एकीने तेलुगूत मला उद्देशून जे म्हटलं, त्याचा अर्थ मी विचारला नाही. काशम्माने बिड्या मोडल्या आणि सगळ्या माना चादरीवरून काशम्माकडे वळल्या. मग सूप पुढे आलं, आणि चादर पांढरी झाली.

"माल दिला का न्हाय त्यानं?" पुढच्या रांगेतली केराबाई मागे वळून म्हणाली. "ओ फोटोवाले, दिला का न्हाय?"

मडिवाळप्पाचा हात प्रोजेक्टरवर होता. इतकी वर्षं त्याने प्रत्येक गोष्टीचा शेवट स्वतः सांगितला होता आणि आता तो ओठ घट्ट मिटून उभा होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

"एकलीला कशाला दील?" दुसरी म्हणाली.

"मग एकलीनं कशाला मोडायच्या?" केराबाई म्हणाली. "सगळ्यांनी एकाच दिशी मोडल्या, तर कुणाकुणाचा माल अडवंल?"

पोरं रडायला लागली तरी बायका उठेनात. काशम्मा मधे बसली होती, सगळ्या तिच्याकडे सरकल्या होत्या, आणि कुठल्या दिवशी मोडायच्या यावर वाद सुरू झाला होता. कुणी सोमवार म्हणे, कुणी अमावास्या होऊन जाऊ दे म्हणे.

मी मडिवाळप्पाला खुणेनं विचारलं, आवरायचं का? त्याने नको म्हणून मान हलवली आणि मला गप्प बसायची खूण केली.

"थांब की," तो म्हणाला. "तिसरा अंक चाललाय."