सात पूर्णांक चार

पौर्णिमा कर्जतहून कंपनीच्या बसने कुंभिवलीला जायची. पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या हिशेब विभागात तिला नऊ वर्षं झाली होती. घरात पदवी घेणारी ती पहिली. वडील गेल्यापासून तिच्या पगारावरच घर चालत होतं. धाकटा भाऊ केतन त्याच कारखान्यात कंत्राटी कामगार होता, अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर.

फेब्रुवारीत पाइपांच्या नव्या उत्पादन लाइनचा प्रस्ताव आला. यंत्रांवर साठ कोटी लागणार होते आणि वर्षाला साधारण दहा टक्के परतावा सुटेल असा अंदाज होता. कंपनीचा भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसा उभा करायला वर्षाला पडणारा सरासरी दर, त्याहून कमी असेल तरच लाइन टाकण्यात अर्थ होता. हा खर्च काढायचं काम पौर्णिमाकडे आलं.

भागधारकांच्या पैशाचा दर पंधरा टक्के धरायचं आधीच ठरलं होतं. राहिला कर्जाचा दर. कंपनीने २०२१ साली रोखे विकून कर्ज उभं केलं होतं, व्याज सात पूर्णांक चार टक्के. पण आता तोच हजाराचा रोखा बाजारात नऊशे सव्वीसला मिळत होता आणि मुदत संपायला तीन वर्षं होती. व्याज आणि शेवटी मिळणारे पूर्ण हजार धरून आज तो घेणाऱ्याला वर्षाला दहा पूर्णांक चार टक्के सुटत होते. तिने हाच दर धरला. करातली बचत वजा करून, कर्ज साठ टक्के आणि भागभांडवल चाळीस टक्के धरून एकूण खर्च आला दहा पूर्णांक सात टक्के, परताव्याहून जास्त. लाइन हिशेबात बसत नव्हती.

विभागप्रमुख विकास सरांनी कागद पाहिला. "आपण व्याज किती भरतो?"

"सात पूर्णांक चार."

"मग दहा कुठून आणलेस?"

"सर, ते जुन्या पैशाचं व्याज आहे. लाइनला नवा पैसा लागणार. आपला रोखा घेऊन बाजारात दहाच्या वर सुटतात, तर नवा पैसा देणारा आपल्याला सातने का देईल?"

"पुस्तकात शिकलीस ते ठीक आहे. आकडा बदल."

"दोन्ही दर दाखवू का?"

"दोन दाखवले की संचालक नको तोच धरतात." सरांनी कागद तिच्याकडे सरकवला. "लाइन आली तर बावीस जण कायम होणार आहेत. केतनचं नाव यादीत आहे. बघ."

घरी तिने याचा विषयच काढला नाही. पण यादीची कुणकुण केतनला लागलीच होती. जेवताना आई गंगाबाई म्हणाली, "कायम झाला का त्याच्या लग्नाचं बघू. पौर्णिमा, तुज्या हातात काय हाय का गं?"

"माझ्या हातात काय असणार?" ती म्हणाली.

शनिवारी तिने दर बदलला. खर्च उतरला नऊ पूर्णांक तीनवर. लाइन बसली. 'अहवाल तयार करणारे' या शब्दांपुढे तिने सही केली. घरी परतताना बसमध्ये शेजारणीने दोनदा हाक मारली, ती तिला ऐकूच आली नाही.

संचालकांच्या बैठकीत तिला लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात एका वयस्क संचालकांनी चष्मा वर केला. "कर्जाचा दर कुठून घेतला?"

विकास सरांनी पौर्णिमाकडे पाहिलं. गप्प राहिलं असतं तर सरांनी वेळ मारून नेली असती, हे तिला कळत होतं.

"जुन्या रोख्यांचा आहे, सर," ती म्हणाली. "आजचा बाजारातला दर दहा पूर्णांक चार आहे."

"तो धरला तर?"

"लाइन बसत नाही."

"मग यावर सही तुमचीच ना?"

"हो, माझीच."

लाइन वर्षभर पुढे ढकलली गेली. आपण पौर्णिमावर विश्वास ठेवला, असं विकास सरांनी सांगितलं आणि ते खपलं. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. सरांनी काय सांगितलं होतं, ते तिने त्यात लिहिलं नाही. तोंडी बोलण्याला पुरावा नव्हता, आणि सही तर तिचीच होती.

जूनमध्ये केतनचा कागद संपला, नवा निघाला नाही. तो आता शिळफाट्याहून माल वाहणारा टेंपो चालवतो.

त्याला सगळं कळलं ते बाहेरून. अंगणात टेंपो धुता धुता त्याने विचारलं, "ताई, तू बैठकीत तो दहाचा आकडा सांगितला नसतास तर?"

"तर तू कायम झाला असतास."

"आणि आधी लिहिलेला खोटा होता?"

"खरा होता रं. पण जुना."

केतनने पाणी बंद केलं. "मग पयलेच सांगायचंस. सही कशाला केलीस?"

तिने पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कंपनीची बस आली आणि ती नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. दुसरी नोकरी शोधायची तर मुंबई गाठावी लागणार, आणि केतन रात्री-बेरात्री टेंपोवर असताना आईला एकटं ठेवता येत नाही. विकास सर अजून तिचे वरिष्ठ आहेत. आता ते तिला फक्त वाहतुकीची बिलं तपासायला देतात. ती तेवढीच तपासते.