नऊशे चाळीस वाक्यं आणि एक खिडकी

आमच्या ह्यांना विभागात ‘तपासनीस’ म्हणतात. भाषाविज्ञानाच्या नियतकालिकासाठी हे व्याकरणग्रंथांची परीक्षणं लिहितात, आणि तीस वर्षांत एकही ग्रंथ ह्यांच्या हातून धड सुटलेला नाही. घरी आलेलं आमंत्रणसुद्धा लाल पेनाने वाचतात. मी काय काय सोसलंय ते माझं मला ठाऊक.

गेल्या वर्षी एक जाडजूड व्याकरण आलं. डोंगरापलीकडची छोटीशी भाषा, लिहिणारी तरुण मुलगी, नोकरी तात्पुरती. संपादकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, “महिनाअखेर निवड समिती बसतेय. तुमचं परीक्षण बघूनच तिला कायम करायचं की नाही ते ठरेल.”

“मी पुस्तक तपासतो, माणूस नाही,” हे म्हणाले.

मग घराची दाणादाण उडाली. ह्यांची जुनी खोड अशी, की पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण कार्डावर उतरवायचं. लेखिकेने वाक्यं विषयवार विखुरलेली असतात. आज्ञार्थ एका प्रकरणात, नकार दुसऱ्यात. पण प्रत्येक वाक्याखाली ध्वनिमुद्रणाच्या बैठकीचा क्रमांक असतो. त्या क्रमाने कार्डं लावली की कोण बोललं, किती दिवस बोललं, ते कळतं. नऊशे चाळीस कार्डं! पलंगावर, जेवणाच्या टेबलावर, फ्रीजवर. मी आठवडाभर उभ्याने जेवले.

निकाल ठरत आला होता. क्रियापदांचं विश्लेषण पक्कं, मांडणी इतकी नेटकी की सूचीतून काहीही चटकन सापडावं. पण सामग्री लंगडी. बोलणारी एकच म्हातारी, आणि सगळी वाक्यं सुटी. सलग गोष्ट एकही नाही. प्रस्तावनेत लेखिकेने लिहिलं होतं, “आजी गोष्टी सांगत नाहीत.” ह्यांनी मसुद्यात लिहिलं, “सामग्री अपुरी. ग्रंथ स्वीकारार्ह नाही.” त्या मुलीची नोकरी ह्या एका ओळीवर लटकली होती. पण बोलून उपयोग नव्हता.

तेवढ्यात वारा सुटला आणि कार्डं घरभर उडाली. मी धावत जाऊन खिडकी लावली, खाली बसले आणि बैठकीच्या क्रमाने ती गोळा करू लागले. मूळ वाक्यं मला कुठली कळायला, पण खाली अर्थ लिहिलेला होता.

बैठक तीन. खिडकी लाव.

बैठक चार. खिडकी लावशील का?

बैठक सहा. कोणी खिडकी लावली असती, तर माझे गुडघे दुखले नसते.

बैठक नऊ. ही मुलगी खिडकी लावत नाही.

बैठक अकरा. हिच्या आईने हिला खिडकी लावायला शिकवलं नाही.

“अहो,” मी ओरडले, “ही बाई गारठलीये!”

“ते प्रयोजक रूपाचं उदाहरण आहे,” हे म्हणाले. “फार सुंदर आहे.”

“प्रयोजक गेलं खड्ड्यात! मोजा किती खिडक्या आहेत ते.”

मोजल्या. एक्क्याऐंशी. प्रस्तावनेत यंत्रांच्या यादीतच कारण सापडलं. रेकॉर्डरची वायर बाहेरच्या बॅटरीवरून खिडकीतून आत घेतली होती. एकवीस बैठका ती खिडकी सताड उघडी! आणि पोरीने प्रत्येक तक्रार इमानेइतबारे उतरवून, फोडून, योग्य त्या प्रकरणात लावली होती. ह्यांनीही तपासून बरोबरची खूण केली होती. दोन शहाणी माणसं, आणि म्हातारीचं ऐकलं कोणी नाही.

ह्यांनी मसुदा पुढे ओढला. मग शेवटची दोन वाक्यं खोडून नवी लिहिली: “आजी गोष्टी सांगत नाहीत, हे विधान खिडकी लावून पुन्हा तपासावं. तोवर सामग्रीबद्दलचं मत राखून ठेवत आहे.”

संपादकांचा फोन आला. “खिडकी हा छपाईदोष आहे का?”

“नाही, तो निष्कर्ष आहे.”

परीक्षण छापण्याआधी लेखिकेला दाखवायची त्यांच्याकडे पद्धत आहे. ते वाचून पोरगी त्याच दिवशी म्हातारीकडे निघाली, समितीच्या बैठकीला नऊ दिवस उरलेले असताना. सातव्या दिवशी तिने फोनवर नवं ध्वनिमुद्रण पाठवलं. तेच समितीलाही गेलं, आणि त्याच्या जोरावर पोरगी कायम झाली, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी मात्र आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून टेबलाशी बसलो. आधी खिडकी लागल्याचा आवाज आला. मग म्हातारी गोष्ट सांगू लागली ती थांबेचना. दोन तास! मध्येच लेखिकेने काहीतरी विचारलं, तशी म्हातारी फाडकन काही बोलली. सोबत पाठवलेल्या मजकुरात अर्थ होता: “मध्ये बोलू नकोस.”

ह्यांचा हात सवयीने कोऱ्या कार्डाकडे गेला. “आज्ञार्थ, नकारासह...”

मी नुसतं बघितलं. ह्यांनी पेनाला टोपण लावलं. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा, ज्या भाषेतलं अक्षरही मला कळत नव्हतं त्या भाषेतली गोष्ट आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकली.